वेळापत्रकावरचा फोन नंबर

२०१९ साली ७ मेला पहिला रोजा झाला आणि ५ जूनला ईद. म्हणजे ज्या महिन्यावर कोकणातल्या मंडपवाल्यापासून फुलवाल्यापर्यंत सगळ्यांचं वर्ष निघतं, तो जवळजवळ सगळा मे महिना आमच्या देगांनी कोठीत उलट्या पडून काढला. पुढची दोन वर्षं रमजानही मेमध्ये होता आणि टाळेबंदीही. त्या काळात आमच्या घरात एक गोष्ट पक्की झाली. शेजारचे मंडपवाले ‘मागच्या वर्षी ज्या महिन्यात जाहिरात दिली त्याच महिन्यात यंदा’ या हिशेबानं चालू शकतात, आपण नाही. आपला धंदा दोन कॅलेंडरांवर चालतो आणि ती दोन्ही एकमेकांना विचारून चालत नाहीत.

माझे सासरे भटारी. चिपळूणच्या आसपासच्या गावांत वलीम्याच्या देगा चढवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. आता चूल दीर आणि यजमान सांभाळतात. माझ्याकडे फोन आहे, वही आहे आणि जाहिरातीचं काम आहे. स्वयंपाकाबद्दल या मासिकात बरंच छापून येतं. गिऱ्हाईक येतं कुठून आणि येईपर्यंत त्याला किती महिने लागतात, याबद्दल मात्र फारसं कोणी लिहीत नाही. घरच्या घरी खानपानाचा किंवा फोटोग्राफीचा धंदा करणारी बरीच कुटुंबं हे वाचत असतील, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी कॅलेंडरचा हिशेब. रमजानमध्ये आमच्याकडे लग्नं होत नाहीत. मोहर्रमचे पहिले दहा दिवस तर बहुतेक घरं टाळतात, काही अख्खा महिना टाळतात. सफरचे पहिले तेरा दिवस, ज्यांना जुनी माणसं तेरातेजी म्हणतात, तेही काही घरांत वर्ज्य असतात. दोन ईदांच्या मध्ये निकाह नको, असं म्हणणाऱ्या खालाही अजून भेटतात. हजरत आयेशा (रजि.) यांचा निकाह शव्वालमध्येच झाला होता हे सांगितलं की त्या गप्प होतात, पण तारीख बदलतीलच असं नाही. यातल्या बऱ्याच समजुतींना दीनमध्ये आधार नाही. पण माझं काम फोनवर फतवा देण्याचं नाही. कुठलं घर काय टाळतं ते वहीत लिहून ठेवण्याचं आहे.

या चांद्र महिन्यांवर सौर कॅलेंडर येऊन बसतं. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला की कोकणात मोठा मांडव घालता येत नाही. शाळांना सुट्टी एप्रिलअखेर ते जून. आखाती देशांतल्या आपल्या माणसांना रजा मिळते ती बरेचदा डिसेंबरात, नाहीतर त्यांच्या मुलांच्या शाळा जुलै-ऑगस्टमध्ये बंद असतात तेव्हा, आणि तेव्हा इथे धो धो पाऊस असतो. हॉलसाठी हिंदू शेजाऱ्यांचे मुहूर्तही असतात. तुळशीचं लग्न लागलं की त्यांच्या तारखा सुरू होतात.

हे सगळं एकावर एक ठेवलं की विकायला नेमकं काय उरतं ते दिसतं. २०२५ सालचं बघा. ईद ३१ मार्चला, बकरी ईद ७ जूनला. या दोन्हींच्या मध्ये मी रविवार मोजले, ते नऊ भरले. लग्नं इतर दिवशीही होतात, पण मोठा वलीमा म्हटलं की रविवारच मागतात. आमची मोठ्या देगांची एकच टोळी आहे, त्यामुळे एका दिवशी एकच मोठं काम. म्हणजे उन्हाळ्यात आमच्याकडे विकायला बिर्याणी नसते, नऊ रविवार असतात. बिर्याणी वाढवता येते. रविवार दहावा करता येत नाही.

हे एकदा डोक्यात बसलं की जाहिरात कधी करायची हा प्रश्न उलटा मोजावा लागतो. लग्न कधी आहे ते बघायचं नाही, भटारी कोण हे घरात कधी ठरतं ते बघायचं. आमच्या भागात क्रम साधारण असा असतो. रिश्ता पक्का होतो, मंगनी होते, मग मुलाच्या रजेचा अंदाज येतो, मग हॉल किंवा जमातीचं सभागृह, आणि हॉलच्या मागोमाग भटारी. कपडे, पत्रिका, फोटोग्राफर हे सगळं त्यानंतर. मे महिन्यातल्या लग्नाचा हॉल आदल्या पावसाळ्यात किंवा दिवाळीच्या सुमारास ठरतो. म्हणजे मेमध्ये ज्याच्या घरी जेवण आहे, त्याच्या कानावर आमचं नाव आदल्या ऑगस्टच्या आधी गेलेलं असायला हवं. एप्रिलमध्ये जाहिरात दिली तर फोन भरपूर येतात, पण ते ‘पंधरा दिवसांनी दावत आहे, तारीख मोकळी आहे का’ असे असतात, आणि तारीख मोकळी नसते. पैसे देऊन नकार द्यायचा, असा तो उद्योग होतो.

आमच्या चुलत दिराचं फोटोग्राफीचं काम आहे, त्याचं गणित वेगळं. फोटोग्राफर मुलगा-मुलगी स्वतः निवडतात, मोबाइलवर बघून, लग्नाच्या तीन-चार महिने आधी. भटारी निवडतात मुलाची आई, चाचा आणि कधीकधी गावातले एखादे जाणते बुजुर्ग. त्यामुळे त्याची जाहिरात मोबाइलवर चालते आणि आमची भिंतीवर.

भिंतीवर म्हणजे सहेरी-इफ्तारच्या वेळापत्रकावर. दर रमजानला आम्ही एक कापडवाले आणि एक ट्रॅव्हल्सवाले यांच्याबरोबर खर्च वाटून वेळापत्रक छापतो आणि जुम्म्याला मशिदीबाहेर, दुकानांत, ओळखीच्या घरांत वाटतो. जाड कागद, वर भोक पाडून दोरी, खाली आमचं नाव आणि नंबर. छापील जाहिरातीला एवढं आयुष्य दुसरीकडे कुठे मिळत नाही. महिनाभर घरातलं प्रत्येक माणूस दिवसातून दोनदा तरी त्याच्याकडे बघतं. शिवाय हा महिना असा असतो की बाहेरगावची मुलं-मुली घरी येतात, इफ्तारला नातेवाईक जमतात आणि ईदनंतर कोणाचा रिश्ता बघायचा याची बोलणी दस्तरखानावरच होतात. आमच्या चुली थंड असतात, पण आमचं नाव नेमकं तेव्हाच लोकांसमोर असतं. मात्र या वेळापत्रकाकडून ईदनंतरच्या लग्नांची अपेक्षा धरायची नाही. ती कामं तोवर ठरून गेलेली असतात. ते पुढच्या थंडीसाठी आणि त्यापुढच्या उन्हाळ्यासाठी असतं.

एक काम कसं आलं ते तारखांसकट सांगते. नाव-गाव सांगत नाही.

२०२४ च्या रमजानचं आमचं वेळापत्रक मार्चमध्ये वाटलं गेलं. त्याच सालच्या ऑगस्टमध्ये, सफर महिन्यात, एका बाईंचा फोन आला. मुलगा कुवेतला, मंगनी झालेली, लग्न ‘पुढच्या मेच्या आसपास’. नंबर कुठून मिळाला हे मी प्रत्येकाला विचारतेच. त्या म्हणाल्या, “तुमचं रमजानचं कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय ना, त्याच्यावर.” मला आत कुठेतरी फार बरं वाटलं. ईद होऊन चार महिने झाले होते.

अशा पहिल्या फोनवर लोक एकच प्रश्न विचारतात, “पाचशे माणसांचं किती होईल?” त्याला तडक आकडा दिला की बोलणं तिथेच संपतं. तो आकडा घेऊन ते आणखी तीन ठिकाणी फोन करतात. आणि आकडा न देता ‘भेटू या, मग बोलू’ म्हटलं तर माणूस आपल्याला लपवाछपवी करणारा समजतो. मी आधी तीन गोष्टी विचारते. माल कोणाचा, म्हणजे मटण-तांदूळ-मसाला तुम्ही आणणार आणि आमची फक्त मजुरी, की सगळं आमच्याकडे? दावत निकाहच्या दिवशीची, मुलीकडची, की वलीमा? आणि हॉल ठरला का? हे कळलं की मग आकडा सांगते, आणि तो कुठून आला तेही सांगते.

एका देगेत दहा किलो तांदूळ चढतो. सोबत सालन आणि गोड असेल तर तेवढ्यात नव्वद ते शंभर माणसं जेवतात. पाचशे माणसांना पाच देगा आणि वरची अर्धी, म्हणजे पंचावन्न किलो तांदूळ. किलो तांदळाला सव्वा किलो मटण धरलं की सत्तर किलोच्या आत-बाहेर मटण. आता मेची दावत आणि बोलणं ऑगस्टमध्ये. मधल्या नऊ महिन्यांत मटण किलोमागे पन्नास रुपयांनी चढलं तरी साडेतीन हजारांचा फरक पडतो, आणि तांदूळ, तेल, लाकूड वेगळं. कोणी भटारी हा फरक आधीच भावात फुगवून ठेवतो, कोणी तो ऐन वेळी मटणाचे तुकडे लहान करून काढतो. अब्बाजींना दोन्ही पसंत नाही. म्हणून आम्ही चिठ्ठीवर आजचा मटणाचा भाव लिहितो आणि खाली लिहितो की दावतीच्या आठवड्यात भाव जितका चढेल तितकं तुम्ही द्यायचं, उतरला तर तितकं आम्ही कमी करायचं. मजुरी बदलत नाही. सौदा करताना दोन्ही बाजूंना नेमकं माहीत असावं, एवढंच. ही चिठ्ठी त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर जाते. आमच्या अनुभवात त्या दिवशी न गेलेली चिठ्ठी आठवड्यानं गेली तर तिचा उपयोग निम्म्यावर येतो. तोवर त्या घरात दुसऱ्या कोणाचा कागद फिरत असतो.

यानंतर सुरू होतं ते खरं अवघड काम, वाट बघण्याचं. ऑगस्टमध्ये त्या बाई काहीच पक्कं करू शकत नव्हत्या. मुलाची रजा मंजूर नाही, म्हणून तारीख नाही, म्हणून हॉल नाही. अशा माणसाला दर पंधरा दिवसांनी ‘काय ठरलं का’ म्हणून फोन करणारे असतात. पहिल्यांदा बरं वाटतं, तिसऱ्यांदा लोक फोन उचलत नाहीत. माझ्या वहीत म्हणून एक रकाना आहे, ‘कशासाठी थांबलंय’. नाव, गाव, माणसं, महिना, नंबर कुठून मिळाला हे सगळं असतंच, पण सगळी वही त्या एका रकान्यावर चालते. कोणी रजेसाठी थांबलेलं असतं, कोणी हॉलसाठी, कोणी मोठ्या भावाच्या लग्नासाठी, तर कोणी अब्बांच्या ऑपरेशनसाठी. पुढचा फोन त्या कारणाला धरून करायचा, तारखेला धरून नाही. या बाईंच्या नावापुढे मी लिहिलं, ‘कुवेत, रजा, डिसेंबरात कळेल’. म्हणजे डिसेंबरपर्यंत विचारपूस नाही.

मध्ये एकच बोलावणं गेलं, चवीचं. बरेच केटरर दुसऱ्याच्या दावतीच्या देगेतून डबा भरून नव्या गिऱ्हाइकाला चाखायला पाठवतात. आमच्याकडे ते चालत नाही. माल ज्याचा, देग त्याची. त्यातला एक डबाही बाहेर गेला तर ती अमानतीत खयानत. म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आम्ही स्वतःच्या खर्चानं एक देग चढवतो. पाऊस ओसरलेला असतो, कामं नसतात, कामगारांनाही दिवस मिळतो. वहीत जेवढी घरं थांबलेली आहेत त्यांना सांगतो, दोन-दोन माणसांनी या, जेवा, किंवा डबा घेऊन जा. बोलणं काही करायचं नाही. २०२४ च्या ६ ऑक्टोबरला चौदा घरांना बोलावलं, नऊ आली. त्या बाई जाऊबाईंना घेऊन आल्या, अब्बाजींच्या चुलीजवळ उभ्या राहून दमाचं झाकण उघडताना बघितलं आणि जाताना विचारलं, “मीठ रोज एवढंच असतं ना?” एक देगेचा खर्च म्हणजे जाहिरातीचा खर्च, तो मी त्याच खात्यात लिहिते. मोबाइलवरच्या जाहिरातीत तेवढ्याच पैशांत हजारो माणसं बघतील, पण त्यांच्यातल्या किती जणांकडे लग्न आहे कोणास ठाऊक. या नऊ घरांत होतं.

डिसेंबरात पेच पडला. ४ मे २०२५, रविवार, ही तारीख त्या बाईंनी अंदाजानं सांगून ठेवली होती, बयाणा दिलेला नव्हता. त्याच तारखेसाठी दुसरी एक पार्टी आली. माणसं आठशे, माल आमच्याकडून, बयाणा हातात घेऊन. रमजान मार्चमध्ये येणार होता. महिनाभर चूल बंद, पण कामगारांना उचल द्यावी लागते, आणि घरात नणंदेचं बाळंतपण होतं. आठशे माणसांचं काम म्हणजे तो महिना निघाला असता. दीर म्हणाले, “बयाणा नाही तर बुकिंग नाही, बाजाराचा नियम आहे.” नियम खराच आहे, आम्हीही चिठ्ठीवर तसंच लिहितो. पण आमच्याकडे आणखी एक रीत आहे. आधी विचारलेल्याला एक फोन आणि दोन दिवसांची मुदत. ती रीत चिठ्ठीवर लिहिलेली नाही, पण तोंडानं सांगितलेली असते.

फोन केला. खरं ते सांगितलं, की तुमच्या तारखेला दुसरे आलेत, परवा संध्याकाळपर्यंत थांबते. ‘फक्त दोन तारखा शिल्लक’ अशी पाटी वर्षभर लावून ठेवणारे असतात. त्यामुळे लोकांना हे वाक्य खोटं वाटायची सवय झालेली आहे. त्यांचा विश्वास बसला, कारण चार महिन्यांत माझा हा पहिलाच घाई करणारा फोन होता. मुलानं कुवेतच्या ऑफिसात विचारलं, रजा तोंडी मिळाली, दुसऱ्या दिवशी बयाणा आला. आठशेवाली पार्टी दुसरीकडे गेली. त्यांना शनिवार, ३ मे देऊ केला होता, तो त्यांना नको होता. आणि प्रत्यक्ष दावतीला माणसं पाचशेची चारशे झाली, कारण मुलाच्या मामांकडे त्याच आठवड्यात दुसरं लग्न निघालं. पैशाच्या हिशेबात ते काम आम्हाला महाग पडलं, हे मी लपवत नाही. दीर अजून कधीतरी टोमणा मारतात. त्या घरातून पुढे दोन कामं आली, तीही मी त्यांना वहीत दाखवली आहेत. पण आठशेला ती पुरी पडत नाहीत.

वेळापत्रक वाटलं मार्च २०२४ ला, देग चढली मे २०२५ मध्ये. चौदा महिने. जाहिरातीचा उपयोग झाला की नाही हे ज्याला दोन आठवड्यांत बघायचं असेल, त्याला आमचं वेळापत्रक म्हणजे वाया गेलेला खर्च वाटेल. म्हणून नंबर कुठून मिळाला हा रकाना कधी रिकामा सोडायचा नाही. आणि बयाणा आला की त्या वर्षाच्या नव्हे, जाहिरात ज्या वर्षी दिली त्या वर्षाच्या पानावर खूण करायची.

मोबाइलवरच्या जाहिरातीबद्दलही थोडं सांगते, कारण मुलं तिचाच आग्रह धरतात. फेसबुकवर पूर्वी धर्माशी संबंधित आवडीनिवडींवरून लोक निवडून त्यांना जाहिरात दाखवता यायची. जानेवारी २०२२ पासून ते पर्याय कंपनीनं काढून टाकले. आता आम्ही गाव, अंतर, वय एवढंच निवडतो. बाकीची निवड जाहिरातीच्या शब्दांना करावी लागते. ‘लग्नाचं जेवण’ लिहिलं की ज्यांच्याकडे आमचं जेवण चालणार नाही त्यांचेही फोन येतात, दोघांचाही वेळ जातो. ‘वलीमा’, ‘देग’, ‘अकणी’ हे शब्द मोठ्या अक्षरात टाकले की नको ते फोन आपोआप कमी होतात. आम्ही ही जाहिरात वर्षातून दोनदाच देतो, बकरी ईदनंतर पाऊस लागला की आणि तेरातेजी सरल्यावर, दोन-दोन आठवडे. ऐन हंगामात नाही.

व्हॉट्सॲपचं आणखी एक. एकदम सगळ्यांना जाणारा ब्रॉडकास्ट संदेश ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. तीनशे जणांना ईद मुबारक पाठवल्याचं समाधान मिळतं, पोचतं त्यातल्या थोड्यांना. म्हणून पहिल्याच फोनवर मी सांगते, “नंबर सेव्ह करून ठेवा, चिठ्ठी पाठवते.” चिठ्ठी हवी असते, त्यामुळे करतात.

फोटोंच्या बाबतीत आमचा दंडक कडक आहे. देग, दम, ताट, दस्तरखान एवढंच टाकायचं. पंगतीतल्या माणसांचे चेहरे नाहीत, बायकांच्या बाजूचा तर मोबाइलच बाहेर काढायचा नाही. चुलत दिराला हे फार अवघड जातं, त्याचा धंदाच चेहऱ्यांचा. नवरीचा एक चांगला फोटो जाहिरातीत टाकला तर त्याला कामं मिळतात हे खरं आहे. पण आता तो लग्नाआधीच्या कागदावरच विचारून घेतो, जाहिरातीत कोणते फोटो चालतील, आणि ‘एकही नाही’ यालाही जागा ठेवतो. बरीच घरं तीच निवडतात. त्याच्या पानावर म्हणून मेहंदीचे हात, निकाहनाम्यावरची सही, नवरदेवाच्या अब्बांचे डोळे पुसतानाचे हात असंच जास्त असतं, आणि मला विचाराल तर ते जास्त बघावंसं वाटतं.

वहीतली सगळी नावं बयाण्यापर्यंत पोचत नाहीत, निम्मीही नाहीत. कोणी स्वस्त ठिकाणी जातं, ते सरळ सांगतात. काही घरांत मात्र आवाज बदलतो. आधी भरभरून बोलणाऱ्या अम्मी ‘बघतो, कळवतो’ एवढंच म्हणतात आणि फोन ठेवायची घाई करतात. अशा वेळी बरेचदा रिश्ता मोडलेला असतो. त्या घरात मुलगी आतल्या खोलीत असते आणि बाहेर भटाऱ्याचा फोन वाजत असतो, याची कल्पना करून बघा. त्या नावावर मी आडवी रेघ ओढते आणि कारण विचारत नाही. दोनदा फोन उचलला नाही तरी तेच. पुढच्या रमजानला त्या घरी वेळापत्रक मात्र जातं.

आता पुढची वर्षं समोर ठेवून बसलो आहोत. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतोय. २०२८ च्या जानेवारीअखेरीस तो लागेल, आणि २०३० साली तर जानेवारीत एकदा आणि डिसेंबरच्या शेवटी पुन्हा, असा दोनदा येईल. म्हणजे आखातातल्या लोकांची डिसेंबरची रजा आणि आमचा हिवाळी हंगाम त्यानंतर काही वर्षं रोजांमध्ये जाणार. उन्हाळ्यात २०२९ च्या मेच्या मध्यापर्यंत मोहर्रम येऊन पोचलेला असेल. म्हणजे उरतो तो मार्च-एप्रिल आणि पावसाळा संपल्यापासून नोव्हेंबरपर्यंतचा काळ. ऑक्टोबरात उन्हं असतात, पण पाऊस परतीचाही असतो, आणि मांडवावर पत्रा लागतो. ज्यांचा मुलगा बाहेर आहे त्यांना रजा त्या महिन्यांत मागावी लागेल, आणि ती मागायला त्यांना वर्षभर आधी कळायला हवं. म्हणून हे वेळापत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूला छापायचं ठरवलंय. पुढच्या पाच वर्षांचे रमजान, दोन्ही ईद आणि मोहर्रम कुठल्या इंग्रजी महिन्यात येतील त्याचा साधा तक्ता, खाली ‘चांद दिसण्यावर एक दिवस मागे-पुढे’ असं लिहून. लोक तो जपून ठेवतील असा माझा अंदाज आहे, कारण रिश्त्याच्या बोलण्यात पहिला प्रश्न तोच असतो.

छापखान्याला मजकूर रजबमध्ये द्यावा लागतो, आणि यंदा रजब नेमका डिसेंबर-जानेवारीच्या गर्दीत आलाय. कापडवाल्यांना मागची बाजू स्वतःच्या सेलसाठी हवी आहे, त्यांच्याशी बोलणं चालू आहे. आमच्या नंबराखाली या वेळी एक ओळ वाढवली आहे, ‘तारीख ठरली नसली तरी विचारा’. अब्बाजी म्हणाले, अक्षर मोठं ठेव, म्हाताऱ्यांना दिसलं पाहिजे.